साडी सुरतेत, गिऱ्हाईक लोह्यात

धंदा कसा चालतो

नांदेड-लातूर रस्त्यावरच्या आमच्या लोह्यात आता दुकान नसतानाही साड्या विकल्या जातात. विकणारी बाई घरी असते, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातात, पैसे यूपीआयने येतात आणि साडी सुरतेच्या व्यापाऱ्याकडून थेट गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर निघते. कंधार, मुखेड, अहमदपूरपर्यंत गिऱ्हाईक असतं. याला ड्रॉपशिपिंग म्हणतात. माल विकणाऱ्याच्या हाताखालून कधी जातच नाही. भांडवल कमी लागतं, गोदाम लागत नाही आणि न खपलेला माल घरात पडून राहत नाही. अडचण एकच, पण मोठी: माल तयार आहे का, बांधला का, निघाला का, यातलं काहीही विकणारीला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत नाही. तिच्याकडे समोरच्या पार्टीचा शब्द असतो. त्या शब्दावर ती गिऱ्हाइकाला स्वतःचा शब्द देते.

माल अडकतो तेव्हा गिऱ्हाइकाला काय लिहावं, याची ही टिपणं आहेत. माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. माफीला वजन येतं ते तिच्यासोबत दिलेल्या पर्यायांमुळे. आणि पर्याय खरे ठरायचे असतील, तर निरोप लिहिण्याआधी तारखेचा आणि पैशांचा हिशेब झालेला असला पाहिजे.

उशीर नेमका केव्हा होतो

सुरतेची कापडबाजारपेठ दिवाळीत बंद होते. लाभपंचमीला मुहूर्त करून गाळे उघडतात, फोन उचलले जातात, ऑर्डर घेतली जाते. पण गाळा उघडला म्हणजे काम सुरू झालं असं नाही. यंत्रमागावर ओडिशाचे कामगार असतात. भरतकाम, घड्या, पॅकिंग या कामांत उत्तर प्रदेश आणि बिहारचे बरेच लोक असतात. बिहारकडचे छठपूजा करूनच परततात. म्हणून लाभपंचमीनंतरही काही दिवस आधीचा शिल्लक माल विकला जातो आणि नवा हळूहळू तयार होतो.

नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे तुळशीचं लग्न लागतं आणि लग्नसराई उघडते. मानपानाच्या साड्या, आहेर, बस्ता, सगळी मागणी एकदम येते. थोड्याच दिवसांनी मार्गशीर्षात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा पाहुण्यांची ये-जा वाढलेली असते. तिकडे माल कमी आणि इकडे मागणी जास्त, हा पेच दरवर्षी याच सुमारास पडतो. दरवर्षी पडणाऱ्या पेचाला 'अचानक आलेली अडचण' म्हणता येत नाही. गिऱ्हाइकाला लिहिताना हे मनात असलं पाहिजे.

एक उदाहरण धरू

एका ताईंकडे ५ नोव्हेंबरला ११ साड्यांची ऑर्डर आली. मुलीच्या लग्नातल्या मानपानासाठी, एकाच छापाच्या, रंग वेगवेगळे. दर ६५० रुपये, एकूण ७,१५० रुपये, पूर्ण आगाऊ. ताईंनी १४ तारखेपर्यंत साड्या देते म्हणून सांगितलं. हळद २२ तारखेला आहे. सुरतेच्या व्यापाऱ्याचा दर कुरिअरसह ५२० रुपये. त्याने ११ साड्यांचे ५,७२० रुपये आधीच घेतले. १२ तारखेला सकाळी व्यापाऱ्याचा निरोप आला: "मटेरियल आलं नाही, पाच दिवस लागतील."

आता ताईंनी गिऱ्हाइकाला काय सांगायचं? हातातल्या निरोपावरून सहज लिहिलं जाईल ते असं: "ताई, पाच दिवस उशीर होईल, सॉरी." हे वाक्य प्रामाणिक वाटतं. पण ते चुकीचं आहे.

दोन तारखा

व्यापारी पाच दिवस म्हणतो ते माल निघण्याचे. गिऱ्हाईक पाच दिवस ऐकतं ते माल पोचण्याचे. १७ तारखेला पार्सल निघालं, सुरतेहून नांदेडच्या केंद्रावर यायला चार दिवस धरले, तिथून लोह्याच्या गाडीवर चढून घरी पोचायला आणखी एक-दोन दिवस, तर २२ किंवा २३ उजाडते. मध्ये रविवार आला तर एक दिवस वाढतो. म्हणजे हळदीच्या दिवशी साड्या येतील किंवा येणारही नाहीत. मानपानाच्या साड्या हळदीनंतर आल्या काय आणि नाही आल्या काय, त्या घराला सारख्याच.

म्हणून पहिलं काम कागदावर करायचं. माल निघण्याची तारीख लिहायची, त्यात रस्त्याचे जास्तीत जास्त दिवस मिळवायचे आणि येणारी तारीख गिऱ्हाइकाच्या गरजेच्या तारखेशेजारी ठेवायची. गरजेची तारीख ठाऊक नसेल तर आधी विचारायची. ऑर्डर घेतानाच "कधी लागणार आहे?" हे विचारून लिहून ठेवलं असेल, तर अडचणीच्या दिवशी निम्मं काम झालेलं असतं. घरात रोज नेसायची साडी आठ दिवस उशिरा आली तर चालते. लग्नाची चालत नाही. दोघींना एकच निरोप पाठवला तर त्यातल्या एकीवर अन्याय होतो.

निघालं म्हणजे काय

व्यापारी पुष्कळदा ट्रॅकिंग नंबर पाठवून देतो आणि विकणारी तो तसाच पुढे पाठवते. नंबर आला म्हणजे माल निघाला, असा दोघींचा समज होतो. तसं नसतं. नंबर लेबल छापतानाच तयार होतो. बऱ्याच कुरिअर कंपन्यांच्या ट्रॅकिंगवर अशा वेळी `Manifested` असं दिसतं. कागद झाला आहे, पार्सल अजून उचललेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. `Picked Up` किंवा `In Transit` दिसलं की माल खरोखर रस्त्याला लागला असं समजायचं. दोन दिवस `Manifested` वर काही हलत नसेल तर माल बहुधा तयारच नाही. अशा वेळी नंबर देऊन गिऱ्हाइकाला गप्प केल्यास पुढे भांडण होतं, कारण तेही रोज तोच शब्द बघत असतं.

व्यापाऱ्याला विचारतानाही "निघाला का?" असं विचारू नये, 'हो' हे उत्तर फार सोपं असतं. "११ पैकी तयार किती आहेत? त्यांचा आत्ताचा फोटो पाठवा," असं विचारावं. आपल्या उदाहरणात या प्रश्नाला उत्तर आलं की सहा साड्या गोदामात तयार आहेत, पाच नाहीत. या एका उत्तराने गिऱ्हाइकासाठी एक नवा पर्याय उघडला.

निरोपाआधी व्यापाऱ्याला थांबवणं

गिऱ्हाइकाला पर्याय देण्याआधी व्यापाऱ्याला लिहून कळवायचं: "माझं उत्तर येईपर्यंत या ऑर्डरमधलं काही पाठवू नका." हे राहून गेलं तर वेगळाच घोळ होतो. गिऱ्हाइकाने पैसे परत घेतलेले असतात आणि आठ दिवसांनी पार्सल दारात उभं राहतं. ते घेतलं नाही तर परतीचं भाडं लागतं, घेतलं तर पुन्हा पैसे मागायची वेळ येते. फोनवर बोलणं झालं तरी दोन ओळी लिखित असाव्यात.

पैसे हातात आहेत का

प्रामाणिकपणाची खरी कसोटी इथे लागते. ताईंनी ७,१५० घेतले, त्यातले ५,७२० सुरतेला गेले. हातात १,४३० रुपये. "पैसे परत हवे असतील तर आजच देते," हे वाक्य लिहायचं तर ५,७२० रुपये स्वतःच्या खिशातून काढावे लागतील आणि व्यापाऱ्याकडून ते नंतर सोडवून घ्यावे लागतील. व्यापारी रोख परत करेलच असं नाही. "पुढच्या मालात वळते करू," असं तो बहुधा म्हणतो.

त्याने असं म्हटलं म्हणून आपणही गिऱ्हाइकाला तेच म्हणायचं नाही. व्यापाऱ्याशी ताईंचा रोजचा व्यवहार आहे, पुढच्या मालात वळतं झालेलं ताईंना चालू शकतं. लग्नघराला पुढचा माल नको आहे. त्यांना आज दुसरीकडे जाऊन साड्या घ्यायच्या आहेत आणि त्यासाठी रोख हवी आहे. "पुढच्या खरेदीत सूट" हा पैसे परत करण्याला पर्याय होत नाही. तो द्यायचाच असेल तर पैसे परत केल्यावर, वेगळा.

यावर उपाय हंगामाआधीच करावा लागतो. चालू असलेल्या ऑर्डरींपैकी सगळ्यात मोठी ऑर्डर परत करता येईल एवढी रक्कम बाजूला असल्याशिवाय आगाऊ पैसे घेऊ नयेत. ओळखीच्या व्यापाऱ्याशी "निम्मे आत्ता, निम्मे पार्सल उचलल्यावर" असं ठरवता येतं. नव्या व्यापाऱ्याकडे पहिली ऑर्डर लग्नाची देऊ नये.

निरोप

वरचा हिशेब झाल्यावर १२ तारखेलाच, म्हणजे कबूल केलेली तारीख उलटण्याआधी, जाणारा निरोप मी असा लिहीन:

> नमस्कार ताई. तुमच्या ११ साड्या १४ तारखेपर्यंत देते असं मी सांगितलं होतं. त्या १४ ला येणार नाहीत. सुरतेच्या व्यापाऱ्याकडे सहाच साड्या तयार आहेत. बाकीच्या पाच १७ ला निघाल्या तरी लोह्यात यायला २२-२३ तारीख होईल. तुमची हळद २२ ला आहे, म्हणून त्या पाच साड्यांवर विसंबून राहू नका.
>
> तारीख मी दिली होती, ती पाळली गेली नाही. लग्नाच्या धावपळीत तुम्हाला हा त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागते.
>
> तुम्हाला सोयीचं असेल ते सांगा:
>
> १) सगळे पैसे परत. ७,१५० रुपये, तुम्ही सांगितल्यावर त्याच दिवशी, ज्या नंबरवरून आले त्याच नंबरवर.
>
> २) तयार सहा साड्या लगेच पाठवते, २० तारखेपर्यंत येतील. पाच साड्यांचे ३,२५० रुपये तुम्ही सांगितल्यावर त्याच दिवशी परत. १४ ला संध्याकाळपर्यंत कुरिअरने पार्सल उचललं नाही तर मी स्वतः कळवीन आणि उरलेले ३,९०० रुपयेही परत करीन.
>
> ३) नांदेडला ठोक दुकानात ११ साड्या तयार आहेत, छाप वेगळा आहे, फोटो सोबत आहे. दर तोच, ६५०. परवा घरपोच आणून देते. आवडल्या नाहीत तर तिथेच परत करा.
>
> उद्या संध्याकाळी ६ पर्यंत सांगा. तुमच्याकडून काही आलं नाही तर मी ७,१५० रुपये परत पाठवीन. पैसे परत करताना मी कुठलीही लिंक किंवा क्यूआर कोड पाठवणार नाही, पिन किंवा ओटीपी मागणार नाही. माझ्या नावाने कोणी मागितलं तर देऊ नका.

त्यातल्या काही ओळींविषयी

"पाच साड्यांवर विसंबून राहू नका" ही त्या निरोपातली सगळ्यात कामाची ओळ. विकणाऱ्याला ती लिहिणं जड जातं, कारण ती लिहिली की ऑर्डर जाण्याची शक्यता वाढते. पण त्याच ओळीमुळे गिऱ्हाइकाला दुसरी सोय करायला दहा दिवस मिळतात.

सुरतेचा उल्लेख कारण कळावं एवढ्यापुरता आहे. व्यापाऱ्याचं नाव नाही, त्याच्यावर ठपका नाही. गिऱ्हाइकाचा व्यवहार ताईंशी झाला, व्यापारी त्यांना ठाऊकही नाही. "सप्लायरची चूक आहे, मी काय करू?" हे वाक्य खरं असलं तरी गिऱ्हाइकाच्या कामाचं नाही. 'तांत्रिक कारणांमुळे', 'लवकरच', 'सहकार्य करावे' हे शब्दही गाळावेत. त्यांतून तारीखही कळत नाही आणि रक्कमही नाही.

तिसऱ्या पर्यायात ताईंना काही सुटत नाही. नांदेडचा ठोक भाव ६४० धरला तर ११ साड्यांवर ११० रुपये उरतात आणि ते जाण्यायेण्यात संपतात. पण लग्नघराचं काम होतं आणि सुरतेच्या पाच हजारांचं भांडण सावकाश सोडवता येतं. हा पर्याय द्यायचा तर आधी नांदेडच्या दुकानदाराला फोन करून माल बाजूला काढून ठेवायला सांगायचं. नुसत्या अंदाजावर दिलेला पर्याय म्हणजे दुसरी चुकलेली तारीख.

लिंक आणि पिनविषयीची ओळ हल्ली टाळता येत नाही. पैसे परत देण्याच्या नावाखाली लिंक पाठवून खाती रिकामी करणारे पुष्कळ आहेत. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो. पैसे पाठवल्यावर व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक कळवावा, म्हणजे बँकेत विचारणा करायला हाताशी काही राहतं.

गप्प राहिलं तर

गिऱ्हाइकाने निरोप पाहिला आणि उत्तर दिलं नाही, तर काय समजायचं? लग्नघरात फोन बघायला फुरसत नसते. विकणाऱ्याला सोयीचं असं की 'काही बोलल्या नाहीत म्हणजे चालेल.' हाच प्रश्न अमेरिकेत टपालाने माल मागवणाऱ्यांच्या बाबतीत उभा राहिला होता आणि तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७५ मध्ये त्यासाठी नियमच केला. पहिला उशीर तीस दिवसांपर्यंतचा असेल आणि नवी तारीख सांगितली असेल, तर गिऱ्हाइकाच्या गप्प राहण्याचा अर्थ 'थांबतो' असा घेता येतो. उशीर त्याहून लांब किंवा अनिश्चित असेल, तर गप्प राहण्याचा अर्थ 'रद्द, पैसे परत' असाच घ्यावा लागतो. दुसऱ्यांदा उशीर झाला तर स्पष्ट होकाराशिवाय ऑर्डर ठेवता येत नाही.

आपल्याकडे तीस दिवसांचा असा नियम नाही, पण त्यामागचा विचार आपल्याला घेता येतो. रोजच्या वापराची साडी असेल तर "उत्तर आलं नाही तर नव्या तारखेला पाठवते" असं लिहिता येईल. कार्याची साडी असेल आणि नवी तारीख कार्यानंतरची असेल, तर गप्प राहण्याचा अर्थ पैसे परत. काहीही असो, तो अर्थ निरोपातच लिहिलेला असावा, मागाहून लावू नये.

कायदा काय म्हणतो

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मध्ये आले. कबूल केलेल्या वेळेनंतर माल आला, तर विकणाऱ्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही, असं त्यांत आहे. अपवाद माणसाच्या हाताबाहेरच्या आपत्तीचा. नियमितपणे धंदा म्हणून विकणाऱ्याला "मी घरगुती आहे" म्हणून सुटता येत नाही. पूर आला, रस्ते बंद झाले, तर आपत्तीचं कारण सांगता येईल. दिवाळीची सुट्टी पंचांगात छापलेली असते, तिला आपत्ती म्हणणं माझ्या मते टिकणार नाही.

त्याआधीचा, १८७२ चा करार कायदाही आहे. ज्या व्यवहारात वेळ हाच महत्त्वाचा भाग आहे, तिथे वेळ चुकली तर करार मोडायचा की ठेवायचा हे ठरवण्याचा हक्क ज्याला वचन दिलं त्याचा, असं कलम ५५ सांगतं. मानपानाच्या साड्यांत वेळ महत्त्वाची असते हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणजे पर्याय देणं ही विकणारीची मेहेरबानी नाही, निवडण्याचा हक्क मुळातच गिऱ्हाइकाचा आहे. निरोपाचा सूर त्याला धरून असावा. गिऱ्हाइकाला दाद मागायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

पोचवायचा कसा

एकाच वेळी वीस ऑर्डरी अडकल्या की ब्रॉडकास्टचा मोह होतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच पोचतो, ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे. इन्स्टाग्रामवरून आलेल्या नव्या गिऱ्हाइकाने तो बहुधा साठवलेला नसतो. निरोप गेला असं विकणारीला वाटतं आणि त्या बाईला काहीच कळलेलं नसतं. सगळ्यांचा एक ग्रुप करणं त्याहून वाईट, कारण बायकांचे नंबर अनोळखी लोकांसमोर उघडे पडतात.

ज्यांचं कार्य जवळ आहे त्यांना आधी फोन करावा, मग तोच मजकूर लिहून पाठवावा. फोनवर राग निघतो, तो ऐकून घ्यावा. लिहिलेल्या मजकुरात रक्कम आणि तारीख कायम राहते, घरातल्या बाकीच्यांना दाखवता येते.

पैसे दारात देणारे

कॅश ऑन डिलिव्हरीच्या गिऱ्हाइकाने काही दिलेलं नसतं, म्हणून त्याला कळवायचं राहून जातं. पण तेही त्याच मालावर विसंबून बसलेलं असतं. उशिरा आलेलं पार्सल दारातून परत जातं. त्याला कुरिअरवाले आरटीओ म्हणतात. जाण्याचं आणि परत येण्याचं, दोन्ही भाडं विकणाऱ्याच्या अंगावर पडतं. "उशीर होतोय, अजून हवी आहे का?" या एका ओळीने नको असलेलं पार्सल सुरतेतच थांबतं. इथे उत्तर आलं नाही तर माल पाठवू नये.

पुढच्या दिवाळीआधी

गणपती उठले की व्यापाऱ्याकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: गाळा कधी बंद होणार, कधी उघडणार आणि नवा माल खरोखर कधीपासून निघणार. तिसरी तारीख तो टाळेल, तीच आग्रहाने मागावी. तिच्यात रस्त्याचे आठ दिवस मिळवून नवा माल कधी पोचेल ते बघावं आणि फोटोंच्या खाली सरळ लिहावं: "लग्नाच्या साड्यांची ऑर्डर दिवाळीच्या पंधरा दिवस आधीपर्यंतच. त्यानंतरच्या ऑर्डरीला तयार माल असेल तरच हो म्हणेन." काही ऑर्डरी यामुळे नक्की कमी होतील. ज्या येतील त्यांच्यात वरचा निरोप पाठवण्याची वेळ फार थोड्या वेळा येईल.